भिंतीला खेटून पाहिले की

व्हिडिओ गेममधल्या एखाद्या जुन्या गल्लीत खेळाडू शिरतो तेव्हा दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती उभ्या असतात. विटा खडबडीत, कडा झिजलेल्या, मधल्या दरजा आत गेलेल्या. खेळाडू जरा बाजूला सरकला की दरजेची एक कड विटेआड जाते आणि दुसरी उघडी पडते, अगदी खऱ्या भिंतीसारखी. संगणकाच्या लेखी मात्र ती भिंत म्हणजे दोन सपाट त्रिकोण जोडून केलेला एक चौकोन असतो. त्यात ना वीट असते, ना दरज.

मग गोळीबार सुरू होतो. खेळाडू आडोशाला भिंतीला चिकटतो आणि कॅमेरा तिच्या अंगालगत येऊन लांबवर बघू लागतो. एवढा वेळ टिकलेली भिंत आता दगा देते. विटांच्या कडांवर कापांचे थर दिसू लागतात, दरजा वितळल्यासारख्या ओघळतात, कॅमेरा हलला की दूरच्या भागात बारीक चमचम उठते. समोरून पाहताना चोख असलेली युक्ती तिरप्या नजरेला उघडी पडते.

या युक्तीचे नाव पॅरलॅक्स ऑक्लूजन मॅपिंग. खेळ बनवणारे तिला पीओएम म्हणतात. ती तिरप्या कोनात का ढासळते, याचे उत्तर शाळेतल्या त्रिकोणमितीत आहे. गंमत अशी की, अशा तिरप्या कोनातूनच दरजेचा खोलपणा डोळ्यांना सर्वांत जास्त जाणवायला हवा.

आधी ही उठाठेव कशासाठी, ते पाहू. आपल्याकडची प्रमाणित मॉड्युलर वीट १९ सेंटिमीटर लांब, ९ रुंद आणि ९ उंच असते. भोवतीचा १ सेंटिमीटरचा मसाला धरला की भिंतीच्या दर्शनी बाजूला एक वीट २० बाय १० सेंटिमीटर जागा घेते. म्हणजे ४ मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंतीवर ६०० विटा दिसतात. प्रत्येक विटेची पेटी बनवणे आजच्या ग्राफिक्स कार्डाला जड नाही. पण वीट म्हणजे पेटी नव्हे. तिचे टवके, भट्टीत आलेली वाकडीतिकडी कड, मसाल्यातली वाळू, हे सगळे त्रिकोणांनी घडवायचे तर एका भिंतीला लाखो त्रिकोण लागतील, आणि गल्लीत अशा भिंती पन्नास असतात.

म्हणून सपाट चौकोनावर विटांचे चित्र चिकटवायचे, ही जुनी सोय. चित्रावर प्रकाश पडल्यासारखा दिसावा म्हणून जिम ब्लिन यांनी १९७८ मध्ये बंप मॅपिंग मांडले. पृष्ठभाग सपाटच ठेवायचा, पण प्रत्येक ठिकाणी तो किती कललेला आहे असे ‘समजून’ उजेडाचा हिशेब करायचा. त्यामुळे दरजा काळोख्या आणि कडा उजळ दिसतात. फक्त पाहणारा हलला तरी त्या जागच्या हलत नाहीत, कारण खोली अशी काही नसतेच. २००१ मध्ये तोमोमिची कानेको आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी पुढचा टप्पा दाखवला. नजरेच्या दिशेने चित्रच थोडे सरकवायचे, जिथे पृष्ठभाग खोल तिथे जास्त आणि जिथे वर तिथे कमी. हे पॅरलॅक्स मॅपिंग. यात सरकवणे एकदाच आणि अंदाजाने होई. मध्ये एखादी वीट आडवी येते का, हे कुणी तपासत नसे.

ती तपासणी म्हणजेच ‘ऑक्लूजन’, एका वस्तूने दुसरी झाकणे. झोई ब्रॉली आणि नतालिया तातारचुक यांनी २००४ च्या सुमारास ही पद्धत मांडली. तातारचुक तेव्हा एटीआय या ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीत होत्या. २००५ मध्ये एटीआयने ‘टॉयशॉप’ नावाचे प्रात्यक्षिक दाखवले. पावसात भिजलेला रात्रीचा रस्ता आणि त्यावरचे खेळण्यांचे दुकान. त्यातल्या विटांच्या इमारती आणि फरसबंदी याच पद्धतीने केलेल्या होत्या.

पद्धत समजायला आपली विटांची भिंतच घेऊ. तिच्यासाठी दोन चित्रे लागतात. एक रंगांचे. दुसरे करड्या छटांचे, ज्यात प्रत्येक ठिपका तिथली खोली सांगतो: पांढरा म्हणजे विटेचा दर्शनी भाग, काळा म्हणजे दरजेचा तळ. याला हाइट मॅप म्हणतात. समजा हे चित्र २ मीटर बाय २ मीटर भिंतीचे आहे आणि दोन्ही बाजूंनी २०४८ ठिपक्यांचे आहे. म्हणजे एक ठिपका जवळजवळ १ मिलिमीटरचा. दरजेची खोली १ सेंटिमीटर धरू.

पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलसाठी ग्राफिक्स कार्ड डोळ्यापासून एक काल्पनिक किरण सोडते. तो भिंतीच्या सपाट चौकोनाला जिथे टेकतो तिथे रंग उचलून मोकळे व्हायचे, ही जुनी रीत. पीओएममध्ये किरण चौकोनाच्या ‘आत’ शिरतो. १ सेंटिमीटर खोलीचे सारखे भाग पाडायचे आणि किरणाने एकेक भाग खाली उतरत जायचे. प्रत्येक पावलाला प्रश्न एकच: इथे हाइट मॅप जी खोली सांगतो, तिच्याखाली मी गेलो का? नसेन तर आणखी एक पाऊल. गेलो असेन, तर मागचे पाऊल आणि हे पाऊल यांच्या मध्ये कुठेतरी मी विटेला किंवा मसाल्याला धडकलो. त्या दोन पावलांमध्ये पृष्ठभाग सरळ रेषेत उतरतो असे मानून धडकेची जागा काढायची आणि तिथला रंग त्या पिक्सेलला द्यायचा.

एवढेच. शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, ही दहा-पंधरा ओळींची गोष्ट आहे. भिंतीला एकही नवा त्रिकोण न जोडता दरजा खोल होतात आणि विटा एकमेकींना झाकू लागतात. म्हणून तर ती इतकी पसरली.

आता कोन. भिंतीकडे अगदी समोरून पाहणे म्हणजे शून्य अंश, आणि भिंतीच्या अंगाला समांतर पाहणे म्हणजे ९० अंश असे धरू. किरण १ सेंटिमीटर खोल उतरेपर्यंत भिंतीच्या अंगाने किती पुढे जातो? खोली गुणिले कोनाचा टॅन्जंट. ४५ अंशांना १ सेंटिमीटर. ६० अंशांना पावणेदोनच्या आसपास. ८० ला साधारण ५.७. ८५ ला ११.४. ८९ ला ५७. नव्वदला हा आकडा अनंत होतो, पण तिथवर जायची गरजच पडत नाही.

गल्लीत उभे राहून हाच हिशेब तोंडी करता येतो. माणूस भिंतीपासून १ मीटरवर उभा आहे आणि भिंतीच्या अंगाने पुढे पाहतो आहे. त्याच्यापासून ५ मीटर पुढच्या जागी किरण ५ सेंटिमीटर वाहवतो, १२ मीटर पुढे १२ सेंटिमीटर, २० मीटर पुढे अख्खी वीट. दरज सगळीकडे तेवढीच खोल आहे, पण त्या खोलीचा माग काढायला किरणाला चालावे लागणारे अंतर वाढत जाते. भिंतीपासून अर्ध्या मीटरवर आले तर याच जागांसाठी ते अंतर दुप्पट होते.

अंतर वाढले तर पावलेही वाढवावीत, हे कुणालाही सुचेल, आणि पद्धत मांडणाऱ्यांनाही सुचले होतेच. समोरून पाहताना थोडी पावले, तिरके पाहताना जास्त. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्ससोबत येणाऱ्या एटीआयच्या नमुन्यात किमान ८ आणि कमाल ५० पावले होती. ओपनजीएल शिकणाऱ्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या लर्नओपनजीएल या पाठ्यक्रमात विटांच्याच भिंतीवर हे शिकवले जाते, आणि तिथे ८ ते ३२. त्याचे सार दोन ओळींत असे:

```glsl
float n    = mix(32.0, 8.0, max(viewDir.z, 0.0));
vec2 delta = viewDir.xy / viewDir.z * depth / n;
```

`viewDir.z` म्हणजे कोनाचा कोसाइन. समोरून पाहताना १, अंगालगत पाहताना शून्याकडे. पहिली ओळ पावलांची संख्या ठरवते, दुसरी एका पावलाची भिंतीवरची लांबी. दुसऱ्या ओळीत `viewDir.z` ने भाग दिला आहे, तिकडे लक्ष द्यावे. सगळे दुखणे त्या भागाकारात आहे.

आपल्या भिंतीवर आकडे घालू. ६० अंशांना कोसाइन अर्धा, म्हणून पावले २०. चालायचे अंतर १७ मिलिमीटर, म्हणजे एक पाऊल जेमतेम ०.९ मिलिमीटरचे. हाइट मॅपचा ठिपकाही साधारण तेवढाच. किरण जवळजवळ एकही ठिपका न गाळता चालतो आणि चित्र नितळ येते. ८५ अंशांना पावले ३०, अंतर ११४ मिलिमीटर, एक पाऊल ३.८ मिलिमीटरचे. आता किरण दर पावलाला तीन-चार ठिपके ओलांडून पडतो. चालण्याचे अंतर साडेसहा पटींहून जास्त वाढले, पावले मात्र दीडपट झाली. ८९ अंशांना तर पावलांची संख्या ३१-३२ वरच अडकलेली असते आणि एकेक पाऊल १८ मिलिमीटरचे होते, म्हणजे दरजेच्या रुंदीपेक्षाही मोठे.

कारण साधे आहे. पावले कोसाइनच्या हिशेबाने वाढतात, आणि कोसाइनला मर्यादा आहे. गरज टॅन्जंटच्या हिशेबाने वाढते, आणि टॅन्जंटला मर्यादा नाही. दोन्ही वक्र सुरुवातीला जवळपास सोबत चालतात, ७५ अंशांच्या पुढे त्यांची फारकत होते. हा कुणा प्रोग्रॅमरचा हलगर्जीपणा नाही. ८५ अंशांना ६० अंशांइतकी सफाई हवी असेल तर १३० च्या वर पावले लागतील. फुल एचडी पडद्याचा अर्धा भाग, म्हणजे दहा लाख पिक्सेल, अशा भिंतीने व्यापला आणि प्रत्येकाने इतकी पावले टाकली, तर एका फ्रेमला १३ कोटींहून जास्त वेळा हाइट मॅप वाचावा लागेल. सेकंदाला ६० फ्रेम. आणि खेळात भिंतीखेरीज इतर गोष्टीही दाखवायच्या असतात.

पावले मोठी झाली की नेमके काय दिसते, ते एका दरजेपाशी थांबून पाहण्यासारखे आहे. दोन विटांमधली उभी दरज १ सेंटिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर खोल. ४५ अंशांच्या पुढे तिचा तळ दिसतच नाही. पलीकडच्या विटेची बाजू तेवढी दिसते, आणि ८५ अंशांना तर त्या बाजूचा वरचा जेमतेम मिलिमीटरभर पट्टा. खरी भिंत असे दाखवते. पीओएमचा किरण दरजेच्या तोंडाशी शिरतो, ३.८ मिलिमीटरची पावले टाकतो आणि विटेच्या कडेवर नेमका न पडता तिच्या दर्शनी भागात थोडा आत जाऊन पडतो. शेजारच्या पिक्सेलचा किरण थोडा पुढून निघालेला असतो. तोही आत पडतो, पण आणखी थोडा पुढे. असे करत करत एक किरण असा येतो की, त्याला एक पाऊल कमी पुरते, आणि तो पुन्हा कडेशी येऊन थांबतो. म्हणजे दरजेच्या जागी विटेच्या कडेचाच रंग दोन-अडीच वेळा, पुन्हा पुन्हा छापला जातो. डोळ्याला ते तिरक्या सरकवलेल्या पत्त्यांच्या कॅटसारखे दिसते. हेच ते थर.

दोन पावलांमध्ये पृष्ठभाग सरळ उतरतो ही समजूतही इथे घात करते. उतरत्या चिखलावर किंवा वाळूवर ती चालून जाते. विटेची कड मात्र कड्यासारखी तुटक असते, आणि तुटक कड्याला उताराचे माप लावले की धडकेची जागा चुकते. वीटकामावर पीओएमची परीक्षा म्हणूनच कठीण. सपाट दर्शनी भाग, मध्येच उभा तुटलेला काठ, आणि हे सगळे डोळ्याला तोंडपाठ असलेल्या सरळ रेषांत. जरा वाकडे झाले की लगेच कळते.

थरांबद्दल एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. ते तिरप्या कोनात पडद्यावर मोठे होत नाहीत. भिंतीवर पाऊल लांबते खरे, पण भिंतही तेवढीच आक्रसून दिसत असते, त्यामुळे सारख्या अंतरावरून पाहिल्यास एका थराची पडद्यावरची जाडी फारशी बदलत नाही. बदलते ती वीट. ८० अंशांना १९ सेंटिमीटरची वीट पडद्यावर सव्वातीन सेंटिमीटरच्या विटेइतकी अरुंद दिसते. थर तेवढेच, वीट अरुंद. मग थर विटेला खाऊन टाकतात.

आणि इथे खोलीचा मोह येतो. समोरून पाहताना पीओएमचा परिणाम नगण्य असतो. २० अंशांना १ सेंटिमीटर दरजेत चित्र साडेतीन मिलिमीटर सरकते. कलाकार भिंतीसमोर कॅमेरा लावून बसतो, त्याला काही घडल्यासारखे वाटत नाही, मग तो खोली वाढवतो. लर्नओपनजीएलच्या नमुन्यात खोली चित्राच्या रुंदीच्या दहाव्या भागाइतकी ठेवलेली आहे. शिकवण्यासाठी ते योग्यच, कारण परिणाम दिसायला हवा. पण आपल्या २ मीटरच्या चित्राला तोच आकडा दिला तर दरज २० सेंटिमीटर खोल होते. कोणता गवंडी अशी भिंत बांधेल? ५ सेंटिमीटर ठेवली, म्हणजे पुष्कळ संयम पाळला, तरी ८५ अंशांना किरण ५७ सेंटिमीटर वाहवतो आणि एकेक पाऊल १९ मिलिमीटरचे होते. ८९ अंशांना पाऊल ९ सेंटिमीटरच्या पुढे जाते. खाली उभे राहून उंच भिंतीच्या अंगाने वर पाहणाऱ्याला तेव्हा विटेचा अख्खा थर गाळून पलीकडची दरज दिसू शकते. कॅमेरा बोटभर हलला की तीच वीट परत येते. ही चमचम अशीच होते: विटा येतात-जातात, कारण किरणाचे पाऊल कधी त्यांच्यावर पडते, कधी नाही.

दूरच्या भागातल्या चमचमीचे आणखी एक कारण आहे. माणूस १ मीटरवरून अंगालगत पाहतो आहे, दृष्टीचा आवाका ९० अंश, पडदा फुल एचडी. साडेअकरा मीटर पुढे पडद्यावरचा एक पिक्सेल भिंतीची तेरा-चौदा सेंटिमीटर लांबी व्यापतो. त्यात वीट आणि दरज दोन्ही येतात, पण किरण एकच. तो दरजेत शिरला तर पिक्सेल राखाडी, विटेवर आपटला तर लाल. यावर जुना उपाय मिपमॅपचा, म्हणजे दूरसाठी चित्राच्या लहान, सरासरी काढलेल्या प्रती वापरायच्या. रंगाला तो चालतो. खोलीला चालत नाही. आपल्या भिंतीचा साडेपंच्याऐंशी टक्के भाग वीट आणि उरलेला दरज आहे, म्हणून हाइट मॅपची पुरती सरासरी म्हणजे सगळीकडे दीड मिलिमीटर खोल असा गुळगुळीत पत्रा. चमचम थांबते, आणि वीटकामही संपते.

मिपमॅपशी जोडलेली एक चूक तर नवख्यांच्या भिंतीवर हमखास सापडते. विटांच्या कडांवर करड्या-तपकिरी ठिपक्यांची तुटक रेघ. ग्राफिक्स कार्ड पिक्सेल दोन बाय दोनच्या चौकडीत रंगवते आणि शेजारच्या पिक्सेलने चित्रातली किती दूरची जागा वाचली, यावरून लहान प्रत निवडते. विटेच्या कडेवर एक किरण अलीकडच्या विटेला धडकतो आणि शेजारचा बराच पुढे जाऊन पडतो. कार्डाला वाटते, भिंत फार दूर आहे, आणि ते सर्वांत धूसर प्रत उचलते. तिरप्या कोनात अशा उड्या लांब असतात, म्हणून रेघा तिथे जास्त. उपाय सोपा आहे. किरण चालायला लागण्याआधीच मूळ जागांमधला फरक मोजून ठेवायचा आणि रंग वाचताना तोच द्यायचा.

भिंतीच्या कोपऱ्याला मात्र सोपा उपाय नाही. खऱ्या भिंतीच्या टोकाकडे अंगालगत पाहिले तर कडेवर दर १० सेंटिमीटरला एक खाच दिसते, कारण आडव्या दरजा तिथे बाहेर उघडतात. पीओएमची भिंत सपाट चौकोनच असल्याने तिची बाह्यरेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ येते. आतल्या बाजूला किरण चौकोनाच्या कडेपलीकडे निघून गेला तर चित्र पुन्हा पहिल्या टोकापासून सुरू होते, आणि कोपऱ्याच्या दरजेत भिंतीच्या दुसऱ्या टोकाची वीट डोकावते. असे पिक्सेल टाकून द्यावेत, ही एक पळवाट. त्याने कडेला खाचा पडतात, पण कोपऱ्यापलीकडची भिंत हा वेगळा चौकोन असतो आणि त्याला या भिंतीतल्या खाचांची खबर नसते. दोन्हीकडच्या विटा जुळत नाहीत. म्हणून कोपऱ्यावर, खिडकीच्या चौकटीभोवती, कमानीवर अनुभवी कलाकार खऱ्या, त्रिकोणांच्या विटा बसवतात. मधली भिंत पीओएमची, किनार खरी.

तिरप्या कोनाचा उपद्रव कमी करण्याचे प्रयत्न पीओएमच्या आधीपासून चालू आहेत. टेरी वेल्श यांनी २००४ मध्ये साध्या पॅरलॅक्स मॅपिंगसाठी सुचवलेला तोडगा धाडसी होता: `viewDir.z` ने भाग द्यायचाच नाही. मग सरकणे कधीच खोलीपेक्षा जास्त होत नाही. ८५ अंशांना ११.४ ऐवजी १ सेंटिमीटर. भूमिती चुकते, विटा सपाट भासतात, पण काही फाटत नाही. खोट्यातले कमी खोटे निवडण्याचा हा व्यवहार आजही अनेक ठिकाणी चालतो.

२००५ मध्ये पोलिकार्पो, ऑलिव्हेरा आणि कोम्बा यांच्या रिलीफ मॅपिंगने दुसरी बाजू धरली. धडक सापडली की शेवटचे पाऊल अर्धे, पाव असे तोडत नेमकी जागा शोधायची. त्याने कडा तीक्ष्ण होतात आणि आपल्या दरजेतले थर जवळजवळ जातात. मात्र जी वीट किरणाने ओलांडलीच, ती अशा शोधाने परत मिळत नाही. तिच्यासाठी दोन वर्षांनी पोलिकार्पो आणि ऑलिव्हेरा यांनी सुधारलेली शंकूंची पद्धत आहे. हाइट मॅपच्या प्रत्येक ठिपक्याजवळ आधीच नोंद ठेवायची की, इथून वर किती रुंद शंकूत काही अडथळा नाही. किरण मग मोकळ्या जागेत लांब आणि विटेजवळ आखूड पावले टाकतो. नोंदी तयार करायला वेळ लागतो, पण भिंत काही रोज बदलत नाही.

आजच्या खेळांत त्याहून स्वस्त क्लृप्ती जास्त दिसते. प्रत्येक पिक्सेलच्या पहिल्या पावलाला थोडा यादृच्छिक धक्का द्यायचा. थरांची रेघ मोडून तिची वाळूसारखी दाणेदार खर होते, आणि लागोपाठच्या फ्रेम एकमेकींत मिसळणारी यंत्रणा ती खर पुसून टाकते. कॅमेरा संथ असला तर हे चांगले जमते, झपकन वळवला की खर क्षणभर उघडी पडते.

खरे त्रिकोण ओतण्याचा मार्ग अर्थातच कायम होता. २००९ च्या डायरेक्टएक्स ११ ने ग्राफिक्स कार्डातच त्रिकोण बारीक चिरण्याची सोय आणली. २०२२ मध्ये आलेल्या अनरिअल इंजिन ५ मधली नॅनाइट यंत्रणा तर कोट्यवधी त्रिकोणांची भिंत अंतराप्रमाणे आपोआप सोपी करत दाखवते. तिथे कोपऱ्याच्या खाचाही मिळतात आणि अंगालगतची वीटही. मोबाइलवर आणि जुन्या कार्डांवर मात्र अजून चौकोनावरच भागवावे लागते.

तेव्हा आपल्या भिंतीचे काय करायचे? खोली खरोखरच्या १ सेंटिमीटरवर ठेवायची. ७५ अंशांपासून ती हळूहळू कमी करत ८५ ला शून्यावर आणायची, म्हणजे त्यापुढे साधे बंप मॅपिंग उरते. सरकणे ७५ ला ३.७ सेंटिमीटर, ८० ला अर्ध्या खोलीमुळे २.८, ८५ ला शून्य, असे उतरत जाते. सूट दिली नसती तर ते ३.७, ५.७, ११.४ असे चढले असते. हा उतार दहा अंशांचा ठेवण्यामागे कारण आहे. एक-दोन अंशांतच खोली काढली तर चालता चालता दरजा मिटल्यासारख्या दिसतात.

तपासणीसाठी कॅमेरा भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर ठेवायचा, तिच्या अंगाने पाहायला लावायचा आणि संथपणे पुढे चालवायचा. स्थिर चित्र काढून पाहण्यात अर्थ नाही. त्यात थर दिसतील, चमचम दिसणार नाही. त्यानंतर पावलांची कमाल मुद्दाम ३२ वरून ८ वर आणायची. ज्या दोषाचा रंगरूप त्याने बिघडतो तो पावलांचा, जो तसाच राहतो तो मिपमॅपचा किंवा कोपऱ्याचा.